वारस मुलगे दोन

मरियम याकोब उजागरे हिने आयुष्यात एकदाच मोठ्याने भांडण केलं, आणि तेही चावडीत, मामलेदारासमोर. त्याआधीची पंचेचाळीस वर्षं ती गावात कुणाच्या फारशी लक्षात नव्हती. नेवासे तालुक्यातल्या निंबेखडीत ती ‘याकोबाची थोरली’ एवढीच ओळख घेऊन राहिली.

तिच्या आजोबांनी मोठ्या दुष्काळानंतर गावाच्या पूर्वेला अठरा एकर जमीन घेतली होती. आजोबा गवंडी होते, ख्रिस्ती झालेले. हातात चार पैसे आले तसे त्यांनी आधी एक सर्व्हे नंबर घेतला, मग दुसरा. एक्केचाळीस नंबर ओढ्याकाठी, नऊ एकर काळी जमीन. तिच्यात दगडी विहीर. अठ्ठावन्न नंबर वर, माळाच्या पोटाला, तोही नऊ एकर, पण मुरमाड. आजोबांचा एकच मुलगा याकोब. जमीन त्याच्याकडे आली तेव्हा वाटणीचा प्रश्नच नव्हता.

याकोबाला तीन मुलं. मरियम थोरली, तिच्यामागून डेव्हिड, आणि बऱ्याच वर्षांनी दानीएल. मरियमला मिशनच्या मुलींच्या शाळेत चार इयत्ता शिकवलं आणि सतराव्या वर्षी मनमाडच्या रेल्वेतल्या खलाशाला दिलं. लग्नाच्या सहाव्या वर्षी पटकीची साथ आली. आठवड्यात नवरा गेला, आणि त्याच्यामागून दीड वर्षाची मुलगीही. मरियम एका गाठोड्यासह परत आली. त्याच सुमारास आई वारली, त्यामुळे तिला कुणी ‘कशाला आलीस’ म्हणालं नाही. चूल रिकामीच होती.

पुढची एकवीस वर्षं ती त्या अठरा एकरांत राबली. डेव्हिड शेत करायचा, पण त्याची तब्येत नाजूक, छातीत दम भरायचा. मोट हाकायची वेळ आली की मरियम नाडा धरायची. बायकांनी मोट हाकू नये असं गावात बोललं गेलं, मग बोलणंही थांबलं. ओढ्याकडचा बांध कुठे फुटतो, अठ्ठावन्नमधल्या कुठल्या पट्ट्यात बाजरी दोन बोटं आखूड राहते, हे तिला डेव्हिडपेक्षा जास्त माहीत. शेतसारा भरल्याच्या पावत्या तीच वाचायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. दानीएल शिकला, नगरला लष्कराच्या कोठारात कारकून झाला, तिकडेच राहिला. लढाईच्या दिवसांत त्याचं बरं चाललं होतं.

एकोणीसशे पंचेचाळीस सालच्या जानेवारीत याकोब वारला. मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नव्हतं. गावात तसं कोणी करतही नसे.

महिना झाल्यावर दानीएल नगरहून आला आणि दोघा भावांनी वाटणी करायचं ठरवलं. पंच म्हणून मच्छिंद्र पाटील, ख्रिस्ती मंडळीचे पाळक आणि शेजारच्या शेताचे बाबाजान शेख बसले. गावचा रिवाज असा की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. डेव्हिडने साखळी धरून दोन्ही नंबर मधोमध तोडले. काळ्यातले साडेचार आणि मुरमाडातले साडेचार, असे दोन वाटे. विहीर सामाईक, आठवड्यात तीन दिवस एकाचे, तीन दुसऱ्याचे, रविवारी मोट बंद. दानीएलने रस्त्याकडचा वाटा उचलला.

मग बाबाजानने विचारलं, “आणि मरियमबाईचं कसं?”

पाटील म्हणाले की तिचं काय, ती घरचीच आहे. सहा महिने डेव्हिडकडे खाईल, सहा महिने दानीएलकडे. दानीएल म्हणाला, नगरला जागा अडचणीची आहे, त्यापेक्षा मी माझ्या वाट्याची चार पायली बाजरी डेव्हिडकडे टाकत जाईन. सगळ्यांना ते पटलं. मरियम आत भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तीही बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे चावडीत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायला गेले. बाप मेल्यापासून तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी लागते. तलाठ्याने फेरफाराची वही उघडली आणि वारस कोण कोण म्हणून विचारलं.

“आमी दोघं,” डेव्हिड म्हणाला.

“बहिणी?”

“एक हाय. पर तिचं लगीन झाल्यालं हाय.”

तलाठी गावातल्या इतर घरांच्या नोंदी जशा करायचा तशीच त्याने ही केली. ‘मयत याकोब, वारस मुलगे दोन.’ त्याखाली दुसरी नोंद वाटपाची. नोटीस चावडीच्या दाराला चिकटवली. आता सर्कलसाहेब फिरतीवर येऊन नोंदींवर सही करीपर्यंत त्या कच्च्याच राहणार होत्या. लढाईच्या कामांत अधिकारी अडकलेले, त्यामुळे ते चार-पाच महिने फिरकले नाहीत. नोटीस पिवळी पडली, एका कोपऱ्यातून फाटली.

भांडण लागलं ते उन्हाळ्यात, आणि तेही भावाभावांत. दानीएल नगरला राहणार, म्हणून त्याने आपला वाटा सूर्यभान नावाच्या माणसाला निम्म्या वाट्याने करायला दिला. सूर्यभानने बैल आणून विहिरीवर मोट लावली. डेव्हिड विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिला. म्हणाला, विहीर भावाबरोबर वाटली, परक्या माणसाबरोबर नाही. दानीएलने आपण येऊन मोट हाकावी. सूर्यभान म्हणाला, मी त्याच्याच दिवसांचं पाणी काढतोय. डेव्हिडने मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात दगड टाकला, चऱ्हाट तोडलं. सूर्यभानचा ऊस नव्हता, नुसता लसूण-घास होता, तो आठ दिवसांत करपला.

दानीएल रजा घेऊन आला. दोघे अंगणात एकमेकांच्या अंगावर गेले. मरियमने मध्ये पडून दानीएलला मागे ओढलं तेव्हा त्याचा कोपर तिच्या जबड्याला लागला आणि एक दात हलला. कोणीच थांबलं नाही. शेवटी बाबाजान आणि त्याची बायको खातून धावत आले तेव्हा ते सुटले.

दानीएल नगरला जाऊन वकिलाला भेटला. विहिरीच्या पाण्याची फिर्याद कशी करायची हे विचारायला तो गेला होता. वकिलाने घरचं सगळं विचारून घेतलं आणि लेखणी खाली ठेवून म्हणाला की तुमच्या वाटणीला बूडच नाही. तुम्ही ख्रिस्ती आहात. तुमचा वारसा हिंदूंच्या रीतीने चालत नाही, त्यासाठी वेगळा कायदा आहे. त्यात मुलगा-मुलगी सारखी. आई नाही, तेव्हा तिघांचे तीन समान हिस्से.

दानीएल त्या रात्री तिथेच राहिला आणि सकाळच्या गाडीने निघून थेट शेतात मरियमकडे आला. ती अठ्ठावन्नमध्ये धसकटं वेचत होती. वीस वर्षांत तो शेतात तिच्याशेजारी असा उकिडवा बसला नव्हता.

“अक्का, तुझा पन तिसरा हिस्सा हाय. कायद्यानं.”

मरियमने हातातली धसकटं टोपलीत टाकली. “किती?”

“सहा एकर. दोनी नंबरांत मिळून.”

 दानीएलने मग आपलं म्हणणं सांगितलं. तिने चावडीत हरकत घ्यायची. तिचं नाव लागलं की नेवाशाला सबरजिस्ट्रारसमोर तिने आपला हिस्सा त्याला लिहून द्यायचा. म्हणजे त्याच्याकडे बारा एकर होतील आणि विहीर कुणाच्या बापाला अडवता येणार नाही. तिला तो मरेपर्यंत सांभाळील, नगरला पक्क्या घरात.

“वाटनीच्या वक्ताला म्हनला हुतास जागा अडचनीची हाय,” मरियम म्हणाली.

“आता मोठी घिऊ.”

तो गेला आणि चार दिवसांत गावभर झालं. डेव्हिडच्या घरात मरियमच्या ताटात पहिल्यांदा तूप आलं. डेव्हिडची बायको सारा हिने तिला बाजारातून हिरवं लुगडं आणून दिलं. त्या रात्री जेवताना डेव्हिड म्हणाला, “अक्का, त्यो तुला फशिवनार. तू माज्या नावानं लिवून दे. तू हितंच ऱ्हानार ना.” त्याने आडवळणाने हेही सांगितलं की याच घरात राहायचं असेल तर तसं करणंच बरं.

मरियमने दोघांनाही हो किंवा नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न सांगता चावडीत गेली. तलाठी तिला ओळखत होता, पण तिला वाचता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तिने वही दाखवायला सांगितली. त्याने ‘मी वाचून दाखवतो’ म्हटलं तर म्हणाली, नको, मला दिसतं. उभ्याउभ्याच तिने बोट ठेवून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

“ह्यात मी कुठं हाय, भाऊसाहेब?”

तलाठी ओशाळला. म्हणाला, भावांनी सांगितलं तसं लिहिलं. मग तोच म्हणाला, नोंद अजून कच्ची आहे, लेखी हरकत द्या, मी तक्रारींच्या वहीत घेतो, वरचे साहेब चौकशी करतील. तिने तिथेच कागद मागितला. तिचं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं, पण कुणाकडून लिहून घेतलं नाही. ‘मी मयत याकोब यांची मुलगी आहे. माझे नाव राहिले आहे ते लावावे.’ खाली पूर्ण नाव. तलाठ्याने पोच दिली.

पाऊसकाळ संपल्यावर मामलेदाराचा मुक्काम पडला आणि चौकशी चावडीत झाली. निम्मं गाव जमलं होतं. दानीएल बहिणीच्या बाजूने बोलायला नगरहून आला होता. डेव्हिडने सांगितलं की धर्म बदलला तरी आम्ही या गावचे. गावात लेकीला जमीन देत नाहीत. तिला लग्नात दिलं ते दिलं. शिवाय एकवीस वर्षं तिला आम्हीच पोसलं.

तेव्हा मरियम भांडली. आवाज इतका चढला की बाहेर पारावर बसलेली माणसं आत डोकावली. “मला पोसलं? मी मोट हाकली. तू खोकत पडायचास तवा दोन दोन म्हयनं मी हाकली. माज्या कष्टाचं खाल्लंस तू, डेव्हिड.” आणि तिने दोन्ही तळवे मामलेदारासमोर धरले. उजव्या हाताचं मधलं बोट नाड्यात सापडून मोडलेलं, तसंच वाकडं बसलेलं होतं.

मामलेदाराने हातांकडे पाहिलं. शांतपणे विचारलं, “मयत ख्रिस्ती होता ना? मृत्युपत्र केलं नव्हतं ना? त्याची बायको हयात नाही ना?” तिन्ही प्रश्नांना डेव्हिडला होकारच द्यावा लागला. “मग गावच्या रिवाजाचा इथे प्रश्न येत नाही. सन पंचवीसचा वारसाचा कायदा तुम्हाला लागू आहे. सगळी मुलं सारखी. बाई, तुमचं नाव लागेल. तीन वारस, प्रत्येकी एक तृतीयांश.”

वाटपाची नोंद त्याने रद्द केली, कारण तिसऱ्या हिस्सेदाराची संमतीच नव्हती. मग मरियमकडे वळून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती तिला तेव्हा नीट कळली नाही. “हे फक्त कागदावरचं नाव आहे, बाई. जमीन वेगळी करून ताब्यात द्यायची तर भावांशी समजुतीने घ्या, नाहीतर दिवाणी कोर्ट. ते माझ्या हातात नाही.”

बाहेर दानीएल बैलगाडी जुंपून उभा होता. हक्कसोडीचा मजकूर त्याने नगरहून तयार करून आणला होता. नुसत्या तोंडी बोलण्याने जमीन सुटत नाही, दस्त नोंदवावा लागतो, म्हणून आजच्या आज नेवाशाला जाऊ म्हणाला.

मरियम गाडीत बसली नाही.

“अक्का, मी धावाधाव केली तुज्यासाठी.”

“तू माज्यासाठी न्हाई धावलास. मी कुनालाच लिवून देत न्हाई. माजं मी करीन.”

दानीएलने कागदाची घडी खिशात घातली. संध्याकाळी तो डेव्हिडच्या घरी गेला. मे महिन्यापासून ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं ते दोघे भाऊ त्या रात्री एका ताटात जेवले. मरियमचं गाठोडं आणि पत्र्याचा डबा साराने ओट्यावर आणून ठेवला. हिरवं लुगडं मात्र काढून घेतलं होतं.

खातूनने तिला आपल्या गोठ्याशेजारचा पडवीचा तुकडा दिला. बाबाजान म्हणाला, दोन दिवस राहा, भाऊ आहेत, राग उतरेल. ती तिथे साडेतीन वर्षं राहिली.

भावांनी तिसरा हिस्सा तोडून द्यायला साफ नकार दिला. नाव लागलंय ना, ते चाट, असं म्हणाले. शेतात पाय ठेवला तर तंगडी मोडू. पाळकांनी एकदा तिघांना प्रार्थनेनंतर थांबवून समेट करायचा प्रयत्न केला. डेव्हिड उठून गेला. त्यानंतर प्रार्थनेला मरियम ज्या सतरंजीवर बसे तिच्यावर दुसरं कुणी बसेना. मंडळीतल्या बायकांना वाटे, हिच्यामुळे उद्या आपल्या नणंदा हिस्सा मागतील. ते त्या उघड बोलत नसत. मरियम मागच्या दाराजवळ बसू लागली.

शेचाळीसच्या सुरुवातीला तिने नगरच्या दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावला. तारखेला ती चालत वडाळ्यापर्यंत जायची आणि तिथून मिळेल त्या गाडीने नगर. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत. पोट भरायला ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. कधी कधी अठ्ठावन्नच्या बांधाला लागून असलेल्या शेतात काम असे. मग ती बांधाच्या अलीकडून आपल्या जमिनीकडे बघत खुरपं चालवायची.

आणि जमीन बिघडत चालली होती. उद्या कुणाच्या वाट्याला काय येईल याचा भरवसा नसल्याने दोघा भावांपैकी कुणीच तिच्यात जीव घालेना. ओढ्याकडचा बांध फुटला तो कुणी घातला नाही. एक्केचाळीसमध्ये कुंदा, ते चिवट तण, शिरला. मरियमला बाबाजानने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दोन वर्षं खणून काढला नाही तर सगळं रान खाईल. तसंच झालं. शेचाळीसच्या भाद्रपदात विहिरीची पश्चिमेकडची भिंत आत कोसळली. दगड उपसायला चार माणसं आणि पंधरा दिवस लागले असते. डेव्हिड म्हणाला, निम्मा खर्च दानीएलने द्यावा. दानीएल म्हणाला, तिसरा हिस्सा अक्काने द्यावा, तिचं नाव आहे ना. मरियमने माणसं घेऊन यायची तयारी दाखवली, पण तिला विहिरीवर येऊ द्यायचं तर तिचा ताबा कबूल केल्यासारखं होईल, असं वकिलाने दानीएलला सांगितलं होतं. विहीर तशीच राहिली. पाणी हिरवं झालं.

अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत डेव्हिडला दम्याचा जोराचा झटका आला आणि त्यातच तो गेला. मरियमला निरोप कुणी दिला नाही. तिला चर्चची घंटा ऐकू आली आणि खातूनने येऊन सांगितलं. ती दफनाला गेली, मागे उभी राहिली, माती टाकली. साराने तिच्याकडे पाहिलं नाही.

डेव्हिडला मुलगा नव्हता. थोरली दया चौदा वर्षांची, धाकटी रूथ नऊ. सुतक सरतं न सरतं तोच दानीएलने गावात बोलायला सुरुवात केली की आता घराण्यात पुरुष वारस मी एकटाच. डेव्हिडचा हिस्सा माझ्याकडे येईल, मी वहिनीला आणि पोरींना उपाशी ठेवणार नाही. पोरी उद्या लग्न होऊन जातील, जमीन परक्या घरात जाऊ द्यायची काय? त्याने साराला सांगितलं की तलाठ्यापुढे जबाब द्यायचा आहे, एक अंगठा लागेल, बाकी मी बघतो.

तीन वर्षांपूर्वी ज्या कायद्याचा शोध त्यानेच लावला होता, तो त्याच्या भावजयीलाही लागू होतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. साराला ठाऊक नसेल असा त्याचा हिशेब होता.

सारा अशिक्षित होती, पण त्या चावडीतल्या चौकशीच्या दिवशी ती बाहेर पारावर बसली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. वर्दीच्या आदल्या दिवशी दुपारी ती बाबाजानच्या गोठ्याशी आली. मरियम शेणी थापत होती. सारा गोठ्याच्या दाराशी थांबली. पाणी मागितलं नाही आणि मरियमने दिलंही नाही.

“तुमचा त्यो कागुद हाय का? सायबाचा?” साराने विचारलं.

मरियमने हात धुतले. आत जाऊन डब्यातून मामलेदाराच्या निकालाची नक्कल आणली. साराच्या हातात दिली नाही. तिथेच बसून सगळी वाचून दाखवली. मग म्हणाली, “ह्यात फकस्त लेकरांचं हाय. आई न्हवती म्हनून. नवरा मेला आन बायको असंल तर तिला तिसरा भाग, उरल्याला पोरांचा. वकिलानं मला सांगितलं हुतं. म्हंजी तुला दोन एकर, पोरींना दोन दोन.”

“माज्या नावावर?”

“तुज्या नावावर. अंगठा कशावरबी लावू नको. आदी कुनाकडून तरी वाचून घे.”

“तुमी येता का सकाळी?”

 मरियम येते म्हणाली. पण तुझ्यासाठी येत नाही, पोरींचं नाव राहायला नको म्हणून येते, असंही म्हणाली. साराने त्यावर मान खाली घातली. अडीच वर्षांत काय झालं याबद्दल दोघींपैकी कुणीच शब्द काढला नाही, ना तेव्हा, ना नंतर.

सकाळी चावडीत तलाठी नवा होता. दानीएल आधीच येऊन बसलेला. तलाठ्याने वारस विचारले आणि दानीएलने तोंड उघडायच्या आत मरियमने तीन नावं सांगितली, सारा, दया, रूथ. निकालाची नक्कल पुढे ठेवली. तलाठ्याने वाचून ती तीन नावं लिहिली. दानीएल म्हणाला, मी हरकत घेईन. तलाठी म्हणाला, घ्या, वहीत लिहून घेतो, पण कारण काय घालू? दानीएल उठून गेला. हरकत त्याने घेतली नाही.

कोर्टातही डेव्हिडच्या जागी साराची आणि मुलींची नावं लागली. वर्षअखेरीस हुकूमनामा झाला. मरियमचा तिसरा हिस्सा वेगळा करून द्यावा. सरकारी शेतसाऱ्याची जमीन कोर्ट स्वतः तोडत नाही, म्हणून कागद कलेक्टर कचेरीकडे गेले आणि तिथून मोजणीदाराकडे. एकोणपन्नासच्या एप्रिलात मोजणीदार साखळी, मोजणीचं टेबल आणि दोन माणसं घेऊन आला. तीन दिवस मोजणी चालली. काळ्याचे तीन, मुरमाडाचे तीन, असे भाग पडले आणि कोपऱ्यांवर दगड रोवले गेले. एक्केचाळीसमध्ये रस्त्याकडचा भाग दानीएलला, मधला पडक्या विहिरीसकट साराला आणि मुलींना, आणि ओढ्याकाठचा मरियमला. बांध फुटलेला आणि कुंद्याने भरलेला भाग नेमका तोच होता. विहीर सामाईक ठेवून जाण्यायेण्याची जुनी वहिवाट नकाशात दाखवली होती. वर अठ्ठावन्नमध्ये तिला माळाच्या टोकाचा पट्टा आला.

ताबा मिळाल्यावर पावत्या वाचायला बसावं तशी मरियम दगडांजवळ बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही असं बाबाजान पुढे सांगायचा. तिने फक्त विचारलं, “एवढं रान साफ करायला किती दीस लागतील, भाईजान?” तो म्हणाला, तुला एकटीला दोन उन्हाळे.

मे महिन्यात दानीएलने रस्त्याकडच्या आपल्या भागातून जाणारी जुनी वाट नांगरून टाकली. मरियमच्या तुकड्याला बैल न्यायला दुसरी वाट नव्हती. नकाशा तिच्याकडे होता, पण नकाशा दाखवून बैल पुढे जात नाहीत. पुन्हा नेवाशाला, मामलेदाराकडे, वाट मोकळी करून मिळण्यासाठी अर्ज. पुन्हा तारीख.

तारीख यायच्या आत पाऊस आला. तिसऱ्या दिवशी वापसा होऊन जमीन पेरणीजोगी झाली. बाबाजानने आपले बैल आणि पेरणीची पाभर दिली. मरियम पाभर घेऊन दुसऱ्या अंगाने, बाबाजानच्या शेतातून साराच्या बांधापाशी येऊन थांबली. सारा आणि दया त्यांच्या भागात पेरणीची तयारी करत होत्या.

साराने तिला पाहिलं. जवळ आली. म्हणाली, “पेरनीपुरतं न्या हितनं. उभ्या पिकात न्हाई चालायचं.”

“न्हाई नेत,” मरियम म्हणाली.

तिने बैल बांधाच्या कडेकडेने नेले. तीन एकरांपैकी जेमतेम एक एकर तिने साफ केला होता. तेवढ्यातच बाजरी पडली. उरलेल्यात कुंदा हिरवागार उभा होता. भाद्रपदात कणसं भरली तेव्हा साराचंही पीक उभं होतं, म्हणून मरियमने कापलेली बाजरी ओढ्याच्या पात्रातून, गुडघाभर पाण्यातून, डोक्यावर पेंढ्या घेऊन वर काढली. एक एकराची बाजरी काढायला तिला नऊ दिवस लागले. पुढच्या वर्षी दोन एकर साफ झाले, आणि वाटेचा निकाल तेव्हाही लागलेला नव्हता.